उच्च शिक्षणासाठी कंपनीचं ना-हरकत हवंय, अर्ज 'नॉट फीजिबल' म्हणून परत आला

निनाद_भांडुप | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चार वर्षांपासून क्वालिटीला आहे. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी डिग्रीच्या वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली, त्यातल्या एका तुकडीत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचाय. कॉलेज सायनला. वर्ग सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ६ ते ९. कागदपत्रांच्या यादीत अनुभवाचा दाखला आणि कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र असे दोन वेगळे कागद मागितलेत.

एचआरला अर्ज दिला होता. आठवडाभराने तो पेनाने 'नॉट फीजिबल' एवढंच लिहून परत आला. कारण विचारलं तर "वरून आलंय" म्हणाले. अर्जाचा मजकूर असा होता:

"मला पुढील शिक्षण घेण्याची तीव्र इच्छा असून त्यासाठी मी अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घेत आहे. सदर शिक्षणाचा कंपनीलाही फायदा होईल. तरी मला उच्च शिक्षणासाठी परवानगी व ना-हरकत प्रमाणपत्र देऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती."

प्रवेशाची मुदत अजून तीन आठवडे आहे. पुन्हा अर्ज करू का? केला तर कसा लिहू?

सावंत_मुलुंड | सोमवार, रात्री १०:४०

कंपनी नाही म्हणूच शकत नाही. शिक्षण हा हक्क आहे. ड्युटी संपल्यावर तुम्ही काय करता हा तुमचा प्रश्न. सरळ लेबर ऑफिसला तक्रार टाका, दोन दिवसांत कागद हातात येईल.

कुलकर्णी_आस्थापना | सोमवार, रात्री ११:२५

सावंत, ड्युटीनंतरचा वेळ त्याचा आहे हे बरोबर. पण ना-हरकत द्यायलाच हवं असं खासगी कंपनीला बांधणारा कायदा नाही, त्यामुळे तक्रारीत मागणार काय? शिवाय नियुक्तीपत्रात बहुतेक ठिकाणी एक ओळ असते: पूर्वपरवानगीशिवाय दुसरं काम, व्यवसाय किंवा अभ्यासक्रम करता येणार नाही. निनाद, तुमचं नियुक्तीपत्र काढून ती ओळ आहे का ते आधी बघा.

मी तीस-एक वर्षं एचआरच्या टेबलापलीकडे बसलो आहे. तुमचा अर्ज मी त्या खुर्चीतून वाचून दाखवतो. 'अभियांत्रिकी पदवी' म्हटलं की डोळ्यासमोर दिवसाचं कॉलेज येतं, म्हणजे हा माणूस तीन वर्षं जाणार किंवा राजीनामा देणार. 'परवानगी' म्हणजे रजा मागतोय. 'सहकार्य' म्हणजे फी मागतोय. 'कंपनीलाही फायदा' म्हणजे डिग्री झाल्यावर बढती मागणार. तुम्ही यातलं काहीच मागितलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते सगळं दिसलं. कॉलेजचं नाव नाही, वर्गाची वेळ नाही, किती वर्षं ते नाही. असा कागद वर गेला की वरचा माणूस नाही म्हणून मोकळा होतो, कारण हो म्हणायला त्याच्या हातात काहीच नसतं.

आता मला सांगा, तुमच्या शिफ्ट कशा असतात?

निनाद_भांडुप | मंगळवार, सकाळी ६:१०

काका, नियुक्तीपत्रात ती ओळ आहे, 'प्रायर रिटन परमिशन' असं लिहिलंय. शिफ्ट तीन आहेत. पहिली ७ ते ३:३०, दुसरी ३:३० ते १२ आणि जनरल ९ ते ५:३०. क्वालिटीतले आम्ही पाच जण आळीपाळीने फिरतो, महिन्यातला साधारण एक आठवडा दुसरी येते. रात्रपाळी आम्हाला नाही.

प्रज्ञा_क | मंगळवार, सकाळी ९:३३

मलाही हाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारते. लंडनला मास्टर्सला निघाले आहे, सप्टेंबरला जायचंय. ऑफिसकडून एनओसी घ्यावी लागेल ना? फॉर्ममध्ये तर कुठे मागितलेली नाही.

कुलकर्णी_आस्थापना | मंगळवार, सकाळी ११:०५

प्रज्ञाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही नोकरी सोडून जाताय, तेव्हा तुम्हाला कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला आणि साहेबांचं शिफारसपत्र लागेल. नोटीस पिरियड मोजून राजीनाम्याची तारीख ठरवा, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. परत येऊन त्याच कंपनीत रुजू व्हायचं असेल तर बिनपगारी अभ्यास रजा मागा आणि ती लेखी घ्या.

निनाद, तुमचं खरं दुखणं शिफ्टमध्ये आहे. जरा हिशेब करू. मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो लोकलने सायन, मग कॉलेजपर्यंत पायी. गेटवर पंच करण्यापासून वर्गात बसेपर्यंत तास धरा. घाटकोपरचा पूल संध्याकाळी कसा असतो ते तुम्ही रोज बघता. पहिली शिफ्ट असेल तर आरामात पोचाल, वर डबा खायलाही वेळ मिळेल. जनरलला ५:३० ला सुटून ६:३० ला पोचाल, म्हणजे पहिलं लेक्चर रोज अर्धं जाणार. दुसऱ्या शिफ्टला तर जाताच येणार नाही. महिन्यातला एक आठवडा दुसरी म्हणजे सहा संध्याकाळ गेल्या.

हे तुमच्या एचआरला कळो न कळो, तुमच्या विभागप्रमुखांना तात्काळ कळलं असणार. ना-हरकतवर सही एचआरची असते, पण एचआर आधी विभागप्रमुखांना फोन करून विचारतं, "सोडू का?" ते म्हणाले "माझी दुसरी शिफ्ट कोण बघणार?", की कागदावर 'नॉट फीजिबल' येतं. "वरून आलंय" याचा अर्थ माझ्या मते हाच. तेव्हा नवा अर्ज लिहिण्याआधी विभागप्रमुखांना भेटा आणि शिफ्टचं उत्तर सोबत घेऊन जा. ते उत्तर तुमच्या बाकीच्या चार सहकाऱ्यांकडे आहे. पहाटे उठून सातची शिफ्ट कोणालाच नको असते. तुम्ही कायम पहिली घेतो म्हणालात तर बदल्यात तुमची दुसरी घ्यायला कोणी ना कोणी तयार होईल.

वैशाली_बांद्रा | मंगळवार, दुपारी १:५०

माझा अनुभव सांगते, सरकारी कार्यालयातला आहे. मला एलएलबी करायचं होतं. आमच्याकडे अर्ज शाखाधिकाऱ्यांमार्फत आस्थापनेकडे जातो. मी तो थेट आस्थापनेत दिला, तर 'योग्य मार्गाने सादर करावा' असा शेरा मारून परत. पुन्हा दिला तेव्हा आवक क्रमांक घेतला नाही, आणि दोन महिन्यांनी फाईलच सापडेना. तेव्हापासून मी प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडत नाही. निनाद, तुम्हीही पोच घ्या. ईमेलने पाठवलात तरी छापील प्रत द्या.

शेवटी मिळालं, पण त्यात 'कार्यालयीन कामकाजावर परिणाम होणार नाही, अभ्यासासाठी सवलत मिळणार नाही, परवानगी केव्हाही मागे घेता येईल' असं सगळं होतं. पुढे गाडी हजेरीवर अडली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत विषयागणिक ७० टक्के हजेरी आहे. कॉलेजने सांगितलं, ना-हरकत असलं तरी हजेरी माफ होत नाही. मार्चअखेरच्या कामात माझी हजेरी गेली आणि ते सत्र पुन्हा करावं लागलं.

कुलकर्णी_आस्थापना | मंगळवार, रात्री ९:१५

वैशालीताईंनी नेमकं बोट ठेवलंय. ना-हरकत हातात आलं म्हणजे वर्गात बसता येईलच असं नाही. म्हणून शिफ्टचं आधी मिटवा.

अर्जाचा मसुदा देतो. मराठीत लिहितोय, तुमच्या कंपनीत इंग्रजी चालत असेल तर तसा करून घ्या. सरकारी कार्यालयात मराठीतच द्या.

*प्रति,*
*व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग*
*मार्फत: प्रमुख, क्वालिटी विभाग*

*विषय: कामाच्या वेळेबाहेरील अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत.*

*महोदय,*

*मी क्वालिटी विभागात (पद, कर्मचारी क्रमांक) दिनांक ____ पासून कार्यरत आहे. (कॉलेजचे नाव), सायन येथे नोकरदारांसाठी असलेल्या मेकॅनिकल अभियांत्रिकी पदवीच्या द्वितीय वर्षात मी शैक्षणिक वर्ष ____ साठी प्रवेश घेऊ इच्छितो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. वर्ग सोमवार ते शनिवार सायंकाळी ६ ते ९ या वेळेत भरतात. वेळापत्रक सोबत जोडले आहे.*

*माझ्या नियुक्तीपत्रातील कलम ____ नुसार अशा प्रवेशासाठी कंपनीची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. शिफ्टबाबत मी विभागप्रमुखांशी बोललो असून, माझी दुसरी शिफ्ट (सहकाऱ्याचे नाव) यांच्याशी बदलून मी पहिल्या शिफ्टमध्ये काम करण्याची व्यवस्था त्यांना मान्य आहे. तसे त्यांचे शिफारसपत्र सोबत आहे.*

*या अभ्यासक्रमाचे शुल्क मी स्वतः भरणार आहे. परीक्षांच्या दिवसांसाठी माझ्या शिल्लक रजेतून, आगाऊ अर्ज करून रजा घेईन.*

*कॉलेजला हे प्रमाणपत्र दिनांक ____ पर्यंत सादर करावयाचे आहे. कॉलेजने दिलेला नमुना सोबत जोडला आहे. तरी त्यानुसार प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.*

तीन गोष्टी मुद्दाम घातल्यात. एक म्हणजे 'मार्फत'. विभागप्रमुखांची सही अर्जावरच आली की एचआरला फोन करायचं कारण उरत नाही. दुसरी म्हणजे परीक्षा. वर्ग संध्याकाळी असले तरी परीक्षा दिवसा असू शकतात. हे आज लिहिलं नाहीत तर पहिल्याच सत्राला "तू तर म्हणालास कामावर परिणाम होणार नाही" ऐकाल. तिसरी म्हणजे नमुना. एचआरवाल्याला कोऱ्या कागदावर मजकूर रचायला लावलात तर तो आठवडा घालवेल आणि कॉलेजला नको ते लिहील.

रोहन_पवई | मंगळवार, रात्री ९:५८

मसुदा छान आहे, पण 'शुल्क मी स्वतः भरणार' हे आधीच का लिहायचं? आमच्याकडे निम्मी फी कंपनी देते. धोरण आहे का ते विचारून तरी बघा. एकदा लिहून दिलं की दार बंद.

कुलकर्णी_आस्थापना | मंगळवार, रात्री १०:२०

धोरण असेल तर त्याचा वेगळा अर्ज असतो, तो जरूर करावा. पण एका नकारानंतरच्या तीन आठवड्यांत फीचा विषय काढला की कागद फायनान्सकडे जाईल आणि मुदत संपेल. मी आधी ना-हरकत पदरात पाडून घेईन.

रोहन_पवई | मंगळवार, रात्री १०:३१

पटलं नाही. 'शुल्काबाबत कोणतीही मागणी सध्या नाही' एवढं पुरे होतं.

मेधा_प्रवेशकक्ष | बुधवार, सकाळी १०:४५

मी दुसऱ्या एका कॉलेजच्या कार्यालयात आहे, दरवर्षी असे कागद तपासते. आम्ही काय बघतो ते सांगते.

लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, शिक्का. मजकुरात उमेदवाराचं नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं. कंपनीच्या नोंदीत आडनाव पुढे आणि वडिलांचं नाव गायब, यावर सगळ्यात जास्त कागद परत जातात. अभ्यासक्रमाचं नाव आणि शैक्षणिक वर्ष हवं. नुसतं 'उच्च शिक्षणासाठी हरकत नाही' चालत नाही, कारण ते कोणत्याही कॉलेजला लागू पडतं. आणि सुपरवायझरने स्वतःच्या ईमेलवरून पाठवलेलं 'नो ऑब्जेक्शन फ्रॉम माय साइड' आम्ही घेत नाही.

अनुभवाचा दाखला वेगळा घ्या. त्यात रुजू तारीख आणि 'पूर्णवेळ' हा शब्द लागतो. कंत्राटदाराकडून पगार होत असेल तर दोन्ही कागद कंत्राटदाराच्या लेटरहेडवर हवेत, कारखाना मालकाच्या नव्हे. यात मुलं फार अडकतात.

निनाद_भांडुप | रविवार, सकाळी ११:०२

सगळ्यांचे आभार. विभागप्रमुखांना भेटलो. पहिला प्रश्न दुसऱ्या शिफ्टचाच होता. सोबत एका सहकाऱ्याला नेलं होतं. तो कळव्याचा आहे, घरी लहान बाळ, त्याला सकाळी घरी थांबायचंय, म्हणून त्याला दुसरी हवीच होती. साहेबांनी तिथल्या तिथे अर्जावर 'रेकमेंडेड' लिहून सही केली. एक अट तोंडी घातली: ऑडिटच्या आठवड्यात कोणतीही शिफ्ट लागेल. ते मान्य केलं.

एचआरने या वेळी अर्ज ठेवून घेतला, पोचही दिली. काल त्यांनी ना-हरकतचा मसुदा दाखवला. त्यात कॉलेजच्या नमुन्याखाली दोन ओळी वाढवल्यात: कंपनी हे प्रमाणपत्र कधीही मागे घेऊ शकते. आणि वेगळ्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की डिग्री झाल्यावर दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर एक लाख भरेन. सही करू का?

सावंत_मुलुंड | रविवार, सकाळी ११:२०

बिनधास्त करा. करार कायद्याच्या कलम २७ खाली असले बाँड रद्दबातल असतात. कोर्टात उभे राहत नाहीत.

अ‍ॅड_शर्वरी | रविवार, दुपारी १२:४०

सावंत साहेब, या भरवशावर कोणी सही करू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा तपासला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट होती. ती कलम २७ च्या विरोधात नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कारण ती नोकरी चालू असतानाच्या काळाला लागू होती, सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायला मनाई करत नव्हती.

आता तुमच्या प्रकरणातला फरक. ती सरकारी बँक होती, आणि मुदतीआधी माणूस गेला तर पुन्हा भरतीची जाहीर प्रक्रिया करावी लागते, तिचा खर्च आणि वेळ न्यायालयाने विचारात घेतला. तुमची कंपनी तुमच्या शिक्षणावर एक रुपयाही खर्च करत नाही. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. त्यामुळे पूर्ण एक लाख वसूल करणं त्यांना जड जाईल, असं मला वाटतं. पण 'जड जाईल' आणि 'रद्दबातल' यात अंतर आहे. अंतिम हिशेबातून रक्कम कापून घेतली तर ती परत मिळवायला तुम्हालाच धावपळ करावी लागेल.

मी असते तर लेखी विचारलं असतं की कंपनी शुल्क देत नसताना ही अट कशासाठी. रोहन यांचा मुद्दा इथे उपयोगी आहे: बाँड हवा असेल तर फीचा काही भाग द्या. नाही जमलं तर दोनाचं एक वर्ष करा आणि रक्कम दरमहा कमी होत जाईल असं लिहून घ्या. आणि दोन वर्षं कधीपासून मोजायची? 'डिग्री झाल्यावर' म्हणजे निकालाची तारीख की प्रमाणपत्राची? एखादा विषय राहिला तर ती मुदत पुढे सरकत राहील. तिथे ठरावीक तारीखच घाला.

मेधा_प्रवेशकक्ष | रविवार, दुपारी ३:१५

'कधीही मागे घेऊ शकते' ही ओळ ना-हरकतवर असेल तर काही कॉलेजं घेतात, काही नाही. आम्ही एकदा घेतलं, एकदा परत पाठवलं, सही करणारे साहेब वेगळे होते. सायनच्या कॉलेजात मसुदा दाखवून आधी विचारून या. एचआरला सांगा की ती अट कंपनीच्या अंतर्गत पत्रात ठेवा, प्रमाणपत्रावर नको.

कुलकर्णी_आस्थापना | रविवार, रात्री ८:३०

शर्वरीताईंशी सहमत, फक्त वेळेचं भान ठेवा. बाँडवर ताणलंत तर मुदत जाईल. मी एचआरमध्ये होतो तेव्हा अशी ओळ बऱ्याचदा जुन्या प्रशिक्षण बाँडच्या नमुन्यातून उचललेली असायची, आणि कोणी शांतपणे विचारलं तर काढूनही टाकायचो.

शिवाय ऑडिटच्या आठवड्याचं जे तोंडी ठरलंय, ते साहेबांना ईमेल करून ठेवा. 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी पुरेत. उद्या त्यांची पुण्याला बदली झाली तर नव्या साहेबांना दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

निनाद_भांडुप | गुरुवार, रात्री ११:४०

ना-हरकत आज मिळालं. मागे घेण्याची ओळ प्रमाणपत्रावरून काढून वेगळ्या पत्रात टाकली. नावाचा घोळ निघालाच, वडिलांचं नाव नव्हतं, तिथेच बदलून घेतलं. बाँडबद्दल लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही, पण प्रमाणपत्र त्यासाठी अडवलं नाही. उद्या कॉलेजात देतोय.

शर्वरीताई, प्रवेश झाल्यानंतर त्यांनी बाँडवर सही मागितली आणि मी नाही म्हणालो, तर ते वेगळं पत्र दाखवून ना-हरकत मागे घेऊ शकतील का?

अ‍ॅड_शर्वरी | शुक्रवार, सकाळी ८:०५

पत्रात 'कारण न देता' असं आहे की 'कामावर परिणाम झाल्यास' असं? त्यावर उत्तर अवलंबून आहे. नावं झाकून तेवढा परिच्छेद इथे टाका.